जाहिरात सोड्याची, ओळख मद्याची

तरुणांमधील मद्यपानावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात सगळा रोख चित्रपटांवर आहे. पण पडद्यावर पेला दिसला तर निदान खाली इशारा तरी येतो; क्रिकेट सामन्यात दोन षटकांच्या मधल्या वेळेत दिसणाऱ्या 'सोड्या'च्या जाहिरातीत तोही नसतो. केबल टीव्ही नियम, १९९४ नुसार मद्याची अप्रत्यक्ष जाहिरातही निषिद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२२ मध्ये अशा छुप्या जाहिरातींना मनाई केली. तरीही नाव, रंग, अक्षरांचे वळण सगळे मद्याच्या बाटलीवरचेच! महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. ते नाव मात्र शाळकरी मुलांच्याही तोंडी असते.

मुलांना एवढेच सांगावे: तो सोडा कोपऱ्यावरच्या दुकानात मागून पाहा. मिळालाच, तर जाहिरातीत त्याची चव किंवा किंमत कुठे सांगितली आहे, की नुसती गच्ची, मित्र आणि नाचगाणी? रील पाहतानाही पैसे घेऊन केल्याची खूण आधी शोधावी. ती नसेल, तर बाटलीचे लेबल प्रत्येक वेळी नेमके कॅमेऱ्याकडेच कसे वळलेले असते, हे घरात एकदा विचारून बघावे.

– एक पालक, सांगली