डबा मी सोबत आणला आहे

आई, बाबा,

निघतानाच सांगणार होते, पण एसटी लागली नि राहून गेलं. टीव्हीजवळचा सात खणांचा गोळ्यांचा डबा मी पिशवीत टाकून आणला. बाबा, तुम्ही शोधला असेल, चिडलेही असाल. पण तो डबा दिवाळीत हौसेनं मीच आणला होता, पट्ट्या फोडून गोळ्या त्यात भरायला मीच शिकवलं. दिवसभर कंपनीत औषधं किती टिकतात तेच तपासते, आणि माझ्याच घरी हे करून ठेवलं.

परवा डबा उघडला तर आंबट वास आला. आई म्हणाली, लोणच्याचा हात लागला असेल. नाही गं. चायनीजच्या गाडीवर असतो तसला व्हिनेगरचा वास होता, आणि तो बाबांच्या छोट्या पांढऱ्या गोळीचा होता. ती ॲस्पिरिन. तिला ओल लागली की तिचे दोन तुकडे पडतात. एक सॅलिसिलिक आम्ल, दुसरं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं तेच. रक्ताची गुठळी होऊ न देण्याचं काम जो भाग करतो, तोच सुटून वासावाटे निघून जातो. पट्टीवर 75 मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी पोटात तेवढी ॲस्पिरिन जात नाही. आणि वास आला नाही म्हणजे गोळी चांगली, असंही समजू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात, "कूलरसमोरच तं ठेवलं न, थंड जागी!" पट्टीवर "थंड व कोरड्या" लिहिलं आहे, तुम्ही अर्धंच वाचलं. कूलरची हवा थंड असते कारण ती ओली असते. त्याच्या वाऱ्यात आईचे पापड दोन दिवसांत सादळतात, मग गोळीचं काय? आणि लाइन गेली की कवेलूखाली काय होतं ते मी सांगायला नको. ढोबळ हिशेब असा की दहा अंश गरमी वाढली की ही मोडतोड साधारण दुप्पट वेगानं होते. म्हणजे 25 चे 45 झाले की चौपट. आमच्याकडे औषधाची परीक्षा घ्यायला 40 अंश आणि 75 टक्के दमटपणाचं कपाट असतं, त्यात सहा महिने गोळ्या ठेवतो. आपली समोरची खोली पाहून मला तेच कपाट आठवलं. हसले, मग रडू आलं.

पट्टीत प्रत्येक गोळीला तिची वेगळी खोली असते. एक फोडली तरी बाकीच्या बंदच राहतात. पुढून प्लास्टिक असलं तर महिनोन्‌महिने थोडी वाफ आत झिरपते, म्हणून नाजूक औषधांना दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम लावतात. एक्स्पायरीची तारीखही बंद पट्टीचीच असते, डब्यात ओतलेल्या गोळीची नाही.

आता त्या तपकिरी बाटलीचं. छातीत कळ आली तर जिभेखाली धरायच्या गोळ्या बाबांनी कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या होत्या. तिथे माझा जीव खाली-वर झाला. तपकिरी काच अतिनील नि निळा उजेड अडवते, पण त्या गोळीचा खरा शत्रू वेगळाच आहे. तिच्यातलं औषध कापरासारखं उडून जातं, आणि प्लास्टिकमध्ये मुरतंही. म्हणून काच, आणि घट्ट झाकण. आत कापूसही घालायचा नाही, तो औषध शोषून घेतो. शेतात न्यायची तर अख्खी बाटली न्या, पण अंगाला चिकटून ठेवू नका. तपकिरी रंग ऊन अडवतो, गरमी नाही.

लहानपणी ताप आला की बाबा सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात न्यायचे आणि वाटभर माझ्या डोक्यावर स्वतःचा दुपट्टा धरायचे. तेव्हाचा तो दुपट्टा आठवला की मी अशी रागावते, मनावर घेऊ नका.

नवी औषधं आणून मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, आईच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आहेत. ती खोली घरात सगळ्यात गार आहे. पट्टी गोळी घेतानाच फोडायची. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, बाहेर काढली की पट्टीला पाणी सुटतं. डबीतली छोटी पुडी फेकायची नाही, ती ओल ओढते. आई, तू रोज रात्री विचारायचं, "घेतली का?" आणि जिभेखालची गोळी धरून पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर शेजाऱ्याची वाट न पाहता 108 ला फोन करा.

डबा पुढच्या खेपेला परत आणते. आई, त्यात तुझे सुई-दोरे ठेव, सात खणांत सात रंग.

तुमचीच,
ताई