नकाशात माझी फटफटी

प्रिय गज्या,

तुझा फोन आला तेव्हा मी शेतात होतो नं बे, फवारणीवाला माणूस समोर उभा, म्हणून नीट बोललोच नाही. तू विचारलं होतं की पहिलीच्या पोट्ट्यांना वर्गाचा नकाशा कसा काढायला लावला, तर आता निवांत लिहितो, कारण हे काही फोनवर सांगण्यासारखं नाही आणि पहिल्यांदा माझाही पार फज्जा उडालाय यात.

पोळा झाल्यावर सुरू केलं. पहिल्या दिवशी सरळ कागद वाटले आणि म्हटलं, वर्ग काढा. सतरा लेकरं, सतरा चित्रं, एकही नकाशा नाही. टेबल काढला तर चार पाय चार दिशांना पसरलेले, मेलेल्या बेडकासारखा. फळा उभा, माझ्या मिशा फळ्याएवढ्या, आणि वरून पंखा. मी चिडलो थोडा, पण घरी गेल्यावर डोक्यात आलं की यांनी वर्ग वरून कधी पाहिलाच नाही तर काढतील कुठून, जे समोरून दिसते तेच काढतील नं.

मग दुसऱ्या दिवशी कागद बंद. फरशीवर खडूनं मोठा चौकोन काढायचा ठरवला. त्यासाठी आधी वर्ग पावलांनी मोजून घेतला, एक पोट्टी भिंतीला टाच लावून चालली, लांबीला चौदा पावलं आणि रुंदीला अकरा. माप वगैरे काही शिकवलं नाही हं, फक्त कोणती बाजू लांब ते कळलं की बास. मग माचिसचे रिकामे डब्बे आणले, एक डब्बा माझा टेबल, एक कपाट, फळ्याच्या जागी पट्टी, आणि दाराजवळ चौकोनाची रेघ पुसून टाकली, म्हणजे तिथून आत येता येते. प्रत्येकाला एक चिंचोका दिला आणि म्हटलं, तू जिथं बसतो तिथं ठेव. इथं खरी मजा आली लेका. एकानं चिंचोका ठेवला, उठून आपल्या जागेवर जाऊन बसला, परत आला, आणि दोन बोटं सरकवला. हे असं उठणं-बसणं पंधरा मिनिटं चाललं, मी गप उभा होतो. सगळे बसल्यावर खुर्चीवर उभं करून एकेकाला खाली पाहायला लावलं, "हे पाखराले दिसते तसं हाय," असं त्यातलंच एक म्हणालं, मी नाही शिकवलं. त्यानंतर डब्ब्याभोवती खडू फिरवला, डब्बे उचलले, खाली चौकोन उरले. तोच नकाशा. आता कागदावर उतरवायला लावलं तर सतरापैकी बाराजणांचा टेबल चौकोनी आला.

डावं-उजवं मात्र वेगळी भानगड. तुला माहीत आहे आपण वर्गाकडे तोंड करून उभे असतो, म्हणजे आपला उजवा तो त्यांचा डावा. मी उजवा हात वर करून "दार कोणत्या बाजूला" विचारत होतो आणि ते बिचारे आरशासारखा डावा हात वर करत होते. आता मी पाठ करूनच उभा राहतो, फळ्याकडे तोंड, मग त्यांच्यासारखाच. आणि सगळ्यांच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. आधी "जेवणाचा हात" म्हणून सांगत होतो पण वर्गात एक डावखुरी आहे, ती डाव्यानं जेवते, तिचं सगळंच उलट व्हायला लागलं.

बरं, आता सगळ्यात भारी चूक ऐक. एक चांगला नकाशा निवडला आणि मागच्या भिंतीवर चिकटवला, समोर बाराखडीचे तक्ते लागलेले म्हणून. तर पोट्टे मागे वळून पाहतात आणि एक पोट्टी म्हणते, "सर, दार तं इकडं हाय, नकाशात तिकडं काऊन गेलं?" मी दोन मिनिटं डोकं खाजवत उभा. अरे बरोबरच आहे तिचं! फळ्याकडे तोंड असताना दार उजवीकडे, मागे वळलं की ते डावीकडे जाते, पण कागद काही वळत नाही. तो तसाच काढला, फरशीवर ठेवला, आणि कागदावरचा फळा खऱ्या फळ्याकडे येईपर्यंत फिरवला. सगळं जागेवर बसलं. तेव्हापासून नियम एकच, नकाशा भिंतीला लावायचा नाही, जमिनीवर ठेवायचा आणि आधी फिरवायचा. शिवाय भिंतीवर लावला की लेकरांना "वर" म्हणजे छत वाटते, ते वेगळंच.

मग शाळेचा नकाशा. वर्गाच्या दारातून निघालं की समोर झेंड्याचा ओटा, ओट्यापासून डावीकडे हापशी, उजवीकडे निंबाचं झाड आणि त्याच्यामागे खिचडीची खोली, सरळ गेलं की फाटक. आम्ही आधी फिरलो, मग काढलं. हापशी समोरून दिसते तशी काढली, दांड्यासकट, मी काही बोललो नाही. या वयात वस्तू उभी काढली तरी चालते, ती जागेवर आहे नं हे पाहायचं, दोन्ही एकदम मागितलं की लेकरू बसून जाते.

खुणा त्यांनीच निवडल्या. एकानं निंबाखाली माझी फटफटी काढली, झाडापेक्षा मोठी, आणि बाकीच्यांनी पटापट तीच उचलली. मी मुद्दाम बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पंक्चर होती, मी बसनं आलो. खडूचा डब्बा खिचडीच्या खोलीमागे लपवला आणि सांगितलं, ओट्यापर्यंत जा आणि फटफटीकडे वळा. सगळे ओट्यावर उभे, फटफटी कुठंच नाही! मग वर्गात वाद रंगला, उद्याही जागेवर राहील असं काय काय. बकरी बाद, फटफटी बाद, ट्रॅक्टर बाद. खिचडीवाली मावशी रोज तिथंच असते असं एकाचं म्हणणं होतं, दुसरा म्हणाला, आयतवारी नसते. ठरलं ते हापशी, निंब, ओटा आणि फाटक.

तरी शेवटच्या खेळात गडबड झालीच. फाटकापासून येताना खिचडीची खोली शोधायची होती. आता वर्गाकडे तोंड, म्हणजे ती डावीकडे. पण दोघांनी कागद तसाच धरला, कागदावर ती उजवीकडे दिसते म्हणून उजवीकडे वळले आणि हापशीवर जाऊन पाणी पीत बसले. तू पण पाहा, लेकरू वळताना कागद वळवते का नाही, त्याच्या तोंडाकडे नको पाहू, हाताकडे पाहा. ज्यांनी वळवला ते बरोबर पोचले. म्हणून आता मी "खिचडीची खोली उजवीकडे आहे" असं म्हणतच नाही. "वर्गातून निघाल्यावर ओट्याजवळ उजवीकडे" म्हणतो, किंवा सरळ "निंबाच्या मागं". कुठून निघालो ते सांगितल्याशिवाय डावं-उजवं सांगूच नको, मोठी माणसंही चुकतात त्यात, आपण दारव्ह्याला त्या लग्नाला चुकलो होतो आठवते का.

पूर्व-पश्चिम मी यावर्षी घेतलं नाही. एक पोट्टा आजोबांसोबत वावरात जातो, तो "उगवतीकडचा बांध" बरोबर म्हणतो, बाकीच्यांना सध्या निंबच पुरे.

दिवाळीत येशील तेव्हा वहिनींना सांगून थोडे चिंचोके आण. माझे निम्मे पोट्ट्यांनी घरी नेऊन भाजून खाल्ले.

तुझा,
पिंट्या