दिवळीतला दिवा दाखवणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

निघताना गळा दाटून आला आणि शब्दच फुटला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

कुरआनातल्या सूरह नूरची ३५वी आयत मला सातव्या वर्षापासून पाठ आहे. अल्लाहच्या नूराची, म्हणजे प्रकाशाची मिसाल: मिश्कातीत दिवा, दिवा काचेत, काच जणू लखलखता तारा. मिश्कात म्हणजे काय, असं तेव्हा विचारलं तर "पाठ कर, अर्थ नंतर" एवढंच ऐकायला मिळालं. ते नंतर तीस वर्षं आलंच नाही. एका वर्गात तर प्रश्न विचारला म्हणून मला मागे बसवलं.

तुम्ही काहीच समजावलं नाहीत. उठलात, दार लोटलंत आणि चिमणी पेटवून आधी खिडकीत ठेवलीत. ज्योत फडफडली, अर्धा उजेड बाहेर सांडला. मग तीच चिमणी भिंतीतल्या दिवळीत ठेवलीत. ज्योत स्थिर झाली आणि सगळा उजेड खोलीत आला. "मिश्कात म्हणजे आरपार नसलेला कोनाडा," एवढंच म्हणालात. मी रडले ते तेव्हा.

मग तबरीची तफसीर, म्हणजे कुरआनावरचं भाष्य, उघडलीत. पैगंबरांचे साथी उबय इब्न कअब यांच्या मते ही मिसाल मोमिनच्या, म्हणजे ईमान असलेल्या माणसाच्या नूराची आहे: कोनाडा म्हणजे त्याची छाती, काच म्हणजे काळीज, दिवा म्हणजे त्यातला कुरआन आणि ईमान. इमाम गझाली मात्र वेगळं वाचतात. त्यांच्या 'मिश्कातुल अन्वार'मध्ये कोनाडा म्हणजे इंद्रियं, कारण डोळे-कान ही भिंतीतल्या भोकांसारखीच. काच म्हणजे कल्पनाशक्ती: मुळात गढूळ, पण निर्मळ केली की उजेड अडवत नाही, उलट वाऱ्यापासून ज्योत राखते. दिवा म्हणजे बुद्धी. यातलं बरोबर कोणतं, असं मी विचारलं. तुम्ही दोन्ही किताबा माझ्यापुढे सरकवल्यात आणि निवाडा केला नाहीत. माझ्यावर इतका भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता.

त्याच आयतीत दिव्याचं तेल ज्याचं, त्या "पूर्वेचं नाही, पश्चिमेचंही नाही" अशा जैतूनच्या झाडावर मी अडले, तेव्हा तुम्ही कातळावरच्या एकट्या आंब्याकडे बोट केलंत. सकाळचं ऊनही त्याचं, संध्याकाळचंही. काही मुफस्सिर, म्हणजे कुरआनाचे भाष्यकार, अगदी असंच सांगतात: दिवसभर ऊन खाल्लेल्या झाडाचं तेल इतकं निवळ, की आग न लागताच उजळेल असं वाटावं. हसन बसरी म्हणतात, ते झाड या दुनियेतलंच नाही, असतं तर पूर्वेचं किंवा पश्चिमेचं असतंच. मला आंबाच पटला. तुम्ही हसलात, पण खोडलं नाहीत.

पुढची आयत "त्या घरांमध्ये" अशी सुरू होते. हा दिवा त्याच घरांतला, म्हणजे मशिदींतला, असं काही जण जोडून वाचतात, इथवर तुम्ही आलात आणि मगरिबची अजान झाली. पान तसंच खूण घालून ठेवा चाचा. ईदला येतेय, चिमणीसाठी नवी वात घेऊन.