टाका, विहीर आणि झोपा

विश्रामबाग, सांगली

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की, सातवीच्या मुलांना म्हणींचे अर्थ तोंडपाठ आहेत, पण वाक्यात उपयोग करा म्हटलं की सगळा गोंधळ होतो. 'वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो' ही म्हण दिल्यावर एकाने लिहिलं, 'राजूने परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केला.' हे चूक आहे हे तुला कळलं, पण का चूक ते त्याला पटेल असं सांगता आलं नाही. फोनवर हे घाईत झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

त्या मुलाने अर्थ पाठ केलाय तो 'कामे वेळेवर करावीत' असा. हा अर्थ इतका सैल आहे की त्यात काहीही बसतं. म्हणून आधी अर्थ सांगूच नकोस. वर्गात एक जुना शर्ट घेऊन जा. बगलेतल्या शिवणीचा एक टाका कात्रीने तोड आणि एखाद्या मुलाला तो शर्ट घालून हात वर-खाली करायला सांग. तुटलेल्या टाक्याचा ताण शेजारच्या टाक्यावर येतो, तो सैल होतो, मग त्याच्या पलीकडचा. कुणी काही न करता शिवण उसवत जाते. मशीनचा टाका साधारण अडीच मिलिमीटरचा असतो, म्हणजे नऊ टाके इंचभरही होत नाहीत. मुलांना पट्टीने मोजू दे. 'नऊच का?' असं कुणीतरी विचारेलच. ही म्हण इंग्रजीतून आली, आणि तिकडे 'टाइम' आणि 'नाइन' यांचा सूर जुळतो म्हणून नऊ. थॉमस फुलर यांच्या 1732 सालच्या संग्रहात तर ती 'नऊ वाचवू शकतो' अशी आहे, म्हणजे तो हिशेब नव्हेच.

शर्ट पाहिल्यावर मुलांकडूनच तीन गोष्टी काढून घे. काहीतरी बिघडायला सुरुवात झालेली आहे. बिघाड अजून लहान आहे. आणि तसाच सोडला तर तो आपोआप वाढणार आहे. तिन्ही असतील तरच टाक्याची म्हण लागू. सायकलला ओरखडा पडला आणि लगेच रंग लावला, तर ओरखडा काही वाढत नव्हता, म्हणून म्हण बसत नाही. पण चाकातला एक स्पोक तुटला आणि त्याच दिवशी बदलून घेतला, तर चपखल बसते, कारण एक स्पोक गेला की बाकीच्यांवर भार येतो आणि चाक वाकडं होऊ लागतं.

आता राजूकडे ये. आदल्या रात्री अभ्यास करताना तो कुठली लहान उसवण शिवत होता? कुठलीच नाही. मात्र जुलैत अपूर्णांकांची बेरीज कळली नाही आणि त्याने त्याच आठवड्यात बाईंना विचारून घेतली, असं लिहिलं असतं तर पूर्ण गुण द्यायचे. अपूर्णांक अडले की पुढे गुणोत्तर अडतं, मग शेकडेवारी अडते. ही खरी उसवण. त्या मुलाचं वाक्य लाल शाईने खोडून टाकू नकोस. राजू तोच ठेव आणि प्रसंग जुलैत ने. एकच गोष्ट वेगवेगळ्या वेळी थांबवून 'आता कुठली म्हण?' असं विचारणं, म्हणी शिकवायची मला माहीत असलेली ही सगळ्यांत चांगली रीत.

आदल्या रात्रीचा राजू हा 'तहान लागल्यावर विहीर खणणे' याचा धनी. गरज येणार हे वर्षभर माहीत होतं, तयारी केली नाही, आणि गरज दारात आल्यावर मोठं काम हाती घेतलं. दहिवडीच्या मुलांना हे तुला समजावून सांगावं लागणार नाही. मुरूम लागतो, मग खडक लागतो, महिने जातात, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. मे महिन्यात घसा कोरडा पडल्यावर खणलेली विहीर त्या दिवशीची तहान भागवत नाही.

आणि 'बैल गेला नि झोपा केला' इथे मात्र जपून. बरीच मुलं समजतात की बैल गेला आणि मालक झोपला! झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार, हे आधीच सांगून टाक. मग एक गोठा घे आणि त्याची गोष्ट थांबवत थांबवत सांग. झोप्याचा एक बंध तुटलाय, मालक संध्याकाळी येऊन सुतळीने बांधतो: इथे टाक्याची म्हण. तो बांधत नाही, आठवडाभरात दुसरा बंध जातो, झोपा लोंबायला लागतो, वासरू फटीतून निसटतं आणि अंगणातच सापडतं. इथे मुलं घाईने 'बैल गेला' म्हणतील. म्हणू देऊ नकोस, कारण अजून काही गेलेलं नाही. टाका घालायची वेळ अजून आहे, फक्त आता एकाऐवजी चार घालावे लागतील. मग एका रात्री बैल जातो, आणि सकाळी मालक नवा, भक्कम झोपा करतो. आता ती म्हण. ओळखायची खूण अशी की उपाय चांगला आहे, पण ज्या नुकसानीसाठी केला ती त्याने भरून येत नाही.

एक हुशार मूल म्हणेल, दुसरा बैल आणला तर नवा झोपा उपयोगी पडेलच की! त्याला शाबासकी दे. म्हण गेलेल्या बैलाबद्दल बोलते, पुढच्या बैलाबद्दल नाही. म्हणूनच कुणी धडा घेऊन पुढची तयारी करत असेल, तर त्याला ही म्हण लावणं अन्यायाचं आहे.

म्हण कुणी कुणाला म्हणायची हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, आणि मला तर ते अर्थाइतकंच महत्त्वाचं वाटतं. टाक्याची म्हण सल्ल्याची आहे; ती आधी म्हणतात, आणि लहानानेही मोठ्याला म्हटली तर चालते. झोप्याची म्हण दोष देणारी आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी आणखी कितीतरी वर चढलं, ते तुला आठवत असेल. पूर ओसरल्यावर एक बाई भिजलेल्या गाद्या उन्हात टाकत होत्या आणि उरलेलं सामान माळ्यावर चढवत होत्या. एका गृहस्थांनी त्यांना ऐकवलं, "बैल गेला नि झोपा केला." व्याकरणाने बरोबर, प्रसंगालाही लागू, आणि तरी म्हणू नये ते म्हटलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण आम्ही आजूबाजूच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलांना हा प्रसंग सांग आणि विचार, तेव्हा त्या गृहस्थांनी काय म्हणायला हवं होतं. 'काही नाही, नुसती गादी उचलू लागायची,' असं उत्तर आलं तरी ते बरोबरच धर.

'वरातीमागून घोडे' या म्हणीवर फार वेळ घालवू नकोस. तिथे नुकसान नसतं, फक्त प्रसंग टळून गेलेला असतो. स्नेहसंमेलन उरकल्यावर आलेल्या खुर्च्या, एवढं एक उदाहरण पुरे.

चाचणीत 'अर्थ लिहा' याला एक गुण ठेव आणि 'कुठल्या क्षणी म्हणाल, कुठल्या क्षणी म्हणणार नाही' याला दोन. शर्टासाठी तुझ्या बाबांचा जुना चौकड्याचा काढून ठेवलाय, शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई