आजोबांच्या फलकावर काय कोरायचं

कोथरूड, पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर शाळेच्या फलकाचा मजकूर वाचून दाखवलात, तेव्हा "शौर्यपदक विजेते" या शब्दांवर मी गप्प झाले. तुमचा आवाज इतका भरून आला होता की तेव्हा काही बोलवेना. पण दगडावर अक्षरं कोरली की पुसता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आजोबांची चार पदकं फ्रेम करायला इकडे आणली होती ना, ती मी आधी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त सुभेदार काकांना दाखवली. त्यांनी भिंग घेऊन प्रत्येकाची कड वाचली. नंबर, हुद्दा, नाव, सगळं आजोबांचंच आहे. मग ते म्हणाले, "पोरी, ही खरी आहेत आणि मानाची आहेत, पण यात शौर्याचं एकही नाही."

त्यांनी मला आजोबांचा वर्दीतला फोटो आणायला सांगितला. छातीवर पदकं मानाच्या क्रमाने लावतात. सर्वांत मोठं गुंड्यांच्या बाजूला, म्हणजे फोटोत बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. आजोबांना शौर्याचं एखादं चक्र मिळालेलं असतं तर ते तिथे पहिलं दिसलं असतं. तिथे आहे जनरल सर्व्हिस मेडल १९४७. त्यावर टोक वर केलेली तलवार आहे, तिला पदकाच्या वर्णनात 'भवानी' म्हणतात. पदकावर जी आडवी पट्टी आहे, जिला आपण लहानपणी नुसतीच नक्षी समजायचो, ती जम्मू-काश्मीरची क्लॅस्प. माणूस कुठल्या मोहिमेत होता ते ती पट्टी सांगते. त्याच्या शेजारी १९६५ चा समर सेवा स्टार, मग रक्षा मेडल, आणि शेवटी मुकुट कोरलेलं स्वातंत्र्य पदक. हे शेवटचं १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात असलेल्यांचं.

या पदकांना मोहिमेची पदकं म्हणतात (स्वातंत्र्य पदक तेवढं स्मरणाचं). ती कोणाच्या शिफारशीने मिळत नाहीत. सरकार तारखा ठरवतं, भाग ठरवतं, किमान दिवस ठरवतं, आणि त्यात बसणाऱ्या प्रत्येकाचा त्या पदकावर हक्क असतो, मग तो ब्रिगेडियर असो की लंगरातला स्वयंपाकी. समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात असलेल्यांसाठी होता. रक्षा मेडल मात्र ५ ऑगस्ट १९६५ ला सैन्याच्या पटावर असलेल्या आणि १८० दिवस नोकरी झालेल्यांना, मग ते सीमेपासून कितीही लांब का असेनात. आजोबांकडे दोन्ही आहेत. म्हणजे त्या लढाईत ते मागे डेपोत नव्हते, पुढे होते. हे मला काकांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं आणि ते ऐकून मी रडले.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. तिथे नोकरी मोजत नाहीत, एक कृत्य मोजतात. आजोबांच्याच बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर दलातलं उदाहरण देते, कारण तुम्हाला ते जवळचं वाटेल. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून अडथळे केलेले. ८ एप्रिलला काम सुरू करतानाच शत्रूचा मारा झाला. त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्यांत स्वतः राणेही. तरी ते हटले नाहीत. ११ तारखेला सकाळी सहाला लागले, अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा केला आणि पुढचा रस्ता साफ करत रात्री दहापर्यंत राबले. या चार दिवसांसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते पदक २६ जानेवारी १९५० ला निर्माण झालं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलं, म्हणून १९४८ च्या कामगिरीला १९५० मध्ये देता आलं. राणे साहेब १९९४ मध्ये इथे पुण्यातच गेले.

बाबा, त्यांच्यासोबत सुरुंग काढणारे जवानही त्याच गोळीबारात होते. जम्मू-काश्मीरच्या क्लॅस्पवर त्यांचा हक्क होताच. परमवीर चक्र मात्र एकाला, कारण त्याच्या कृत्याबद्दल कोणीतरी तारीख, वेळ, जागेसकट लिहिलं.

ते लिहिणं म्हणजेच साइटेशन. युनिटचा कमांडिंग ऑफिसर ते तयार करतो, डोळ्यांनी पाहणाऱ्यांचे जबाब जोडतो. मग ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत लष्करी मुख्यालयात जातं. तिथून संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीला. कुठल्याही पायरीवर ते नाकारलं जाऊ शकतं किंवा खालच्या पदकावर आणलं जाऊ शकतं. मंजूर झालं की राजपत्रात नाव येतं. आता बहुतेक नावं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात. शत्रूसमोरच्या शौर्याला परमवीर, महावीर, वीर चक्र. शत्रू समोर नसताना दाखवलेल्याला अशोक, कीर्ती, शौर्य चक्र.

यातलं दुःख एकच, आणि मला ते फार लागतं. पाहणारेच उरले नाहीत, किंवा लिहिणारा अधिकारीच त्या रात्री पडला, तर कृत्य खरं असूनही कागद होत नाही. आजोबा पूल दुरुस्त करताना गोळीबारात तासभर पाण्यात उभे होते, ही गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलीत. मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवते. पण तिचं साइटेशन झालेलं दिसत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या gallantryawards.gov.in वर शौर्यपदक मिळालेल्यांची नावं आहेत, तिथे मी दोनदा शोधलं. एक शक्यता उरते ती 'मेन्शन इन डिस्पॅचेस'ची, म्हणजे लढाईच्या अहवालात नावानिशी उल्लेख होण्याची. ते वेगळं पदक नसतं, मोहिमेच्या पदकाच्या फितीवर छोटं कमळाचं पान लावतात. आपल्या फिती नंतर कधीतरी बदललेल्या आहेत, म्हणून पान होतं की नव्हतं हे त्यांवरून कळणार नाही.

आता अर्ज करून शौर्यपदक मिळवावं, असं तुम्ही म्हणालात. बाबा, ते घरच्यांच्या अर्जाने मिळत नाही. मोहिमेचं पदक मात्र हक्काचं असल्याने ते मिळायचं राहून गेलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागता येतं. म्हणून एक काम करा. आई, तुझ्या लोखंडी कपाटातल्या खालच्या खणात आजोबांचं डिस्चार्ज बुक आहे, निळ्या फडक्यात. त्यात मिळालेल्या पदकांची नोंद असते, मेन्शन असेल तर तेही असायला हवं. त्या पानांचा फोटो मला पाठव. मी पुढच्या आठवड्यात खडकीला रेकॉर्ड ऑफिसात घेऊन जाते.

तोवर पाथरवटाला थांबवा. माझ्या मते मजकूर असा असावा: "बॉम्बे सॅपर्स. जम्मू-काश्मीर १९४७-४८ आणि १९६५ च्या युद्धांत रणभूमीवर सेवा." आणि खाली चारही पदकांची नावं. पुलाची गोष्ट फलकावर नको, पण शाळेतल्या कार्यक्रमात ती तुम्हीच सांगा, बाबा, तुमच्या तोंडून.

आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, येताना आणते.

तुमची,
लेक