परातीतले अठरा दाणे

प्रिय काकू,
सा. न.

रामबागेतल्या तुमच्या ओट्यावर मी आले, तेव्हा तुम्ही तूरडाळ निवडत होता. आमच्या भिशीत ठरलं होतं, पहिल्या पावसावर तीन ओळी लिहायच्या आणि प्रत्येक शब्द दोनच अक्षरांचा. मी आणलं होतं:

नभ झाले काळे
सर आली दारी
गंध सुटे भारी

तुम्ही म्हणालात, "आता बोल, आणि जितके उच्चार कानाला लागतील तितके दाणे परातीत टाक." 'झाले'ला दोन दाणे पडले. 'नभ'ला मात्र एकच. लिहिताना न आणि भ अशी दोन अक्षरं, पण बोलताना आपण 'नभ्' म्हणतो, शेवटचा अ गिळतो. 'सर' आणि 'गंध' यांचंही तेच. मी हट्टाने अभंगाच्या चालीत म्हणून दाखवलं, तेव्हा 'नभ'चे दोन दाणे झाले. गाताना तो अ जिवंत होतो, म्हणूनच अभंगात अक्षरं मोजतात, हे तुम्ही किती सहज सांगितलंत! पण आमच्याकडे ओळी वाचायच्या होत्या, गायच्या नव्हत्या.

मग पावसाचे शब्द एकेक करून गळायला लागले. ढग, मेघ, थेंब, वीज, गार, धार: सगळ्यांना एकेकच दाणा. 'पाऊस' उलटा निघाला, लिहायला तीन अक्षरं, बोलायला 'पा-ऊस' असे दोनच उच्चार. तो चालला असता, पण मला दोन्ही हिशेब जुळवायचे होते. अनेकवचनाची युक्ती तुमचीच. सर, वीज, गार, धार यांच्या सरी, विजा, गारा, धारा होतात आणि दुसरा दाणा मिळतो. ढग, मेघ, थेंब पुल्लिंगी, ते अनेकवचनातही तसेच राहतात. हे मला पन्नाशीपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, "पाऊस हा शब्द नसला तर पाऊस कशावरून कळेल?" मला माझी आजी आठवली. पहिली सर ओसरली की ती परसात जाऊन माळव्याची ती काळी, चिकट माती चिमटीत घेऊन चुरायची, ओल किती खोल गेली ते बघायला. घरी जाऊन लिहिलं:

वारा थांबे दारी
भिजे काळी माती
आजी घेई हाती

नऊ शब्द, अठरा दाणे, वाचा किंवा गा. 'माती'-'हाती' हे यमक तर आपोआप जुळलं. भिशीत वाचलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मान डोलावली.

काकू, मनापासून आभार. ती दुपार तुम्ही डाळ बाजूला सारून मला दिलीत. आता एक मागणं आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारांचा. म्हणजे अजून दोन शब्दांची जागा मोकळी आहे. ते दोन शब्द तुम्ही द्या. रविवारी परात घेऊन मीच येते.

तुमची,
मागच्या गल्लीतली सूनबाई
इंदूर