प्रमाणपत्रावरील रिकाम्या चौकोनाबद्दल माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गिरगावात देवनागरी अक्षरजुळणीचे आणि फॉन्ट तपासण्याचे काम मी करतो. शासकीय प्रमाणपत्रांत वारंवार दिसणाऱ्या एका दोषाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दोष तांत्रिक आणि थोडक्यात दुरुस्त होणारा आहे, परंतु त्याचा ठपका आज अर्जदारावर ठेवला जातो.

काही दिवसांपूर्वी वसईकडच्या एका भगिनींनी त्यांचे प्रमाणपत्र मला दाखवले. त्यांचे नाव ॲग्नेस. अर्ज भरताना पडद्यावर नाव व्यवस्थित दिसत होते, पावतीवरही ते बरोबर होते. मात्र हाती आलेल्या पीडीएफवर ‘□ग्नेस’ असे छापलेले होते. बँकेने ते नाकारले. संबंधित कार्यालयात गेल्यावर ‘तुम्हीच नाव चुकीचे टाईप केले आहे, पुन्हा अर्ज करा आणि या वेळी साधा अ टाका’ असे त्यांना सांगण्यात आले.

नाव चुकीचे टाईप झालेले नव्हते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये U+0972 हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि अर्जाच्या नोंदीत तोच क्रमांक साठवलेला होता. संगणक मजकूर साठवतो तो अशा क्रमांकांच्या रूपात. त्या क्रमांकासाठी कोणती आकृती काढायची हे फॉन्टमधील एक तक्ता सांगतो. तक्त्यात तो क्रमांकच नसेल, तर फॉन्ट आपली शून्य क्रमांकाची आकृती काढतो, जी खास अशा प्रसंगासाठी ठेवलेली असते. बहुतेक फॉन्टमध्ये ती रिकामा चौकोन असते, काहींत फुली मारलेला चौकोन, तर क्वचित शंकरपाळ्याच्या आकाराची खूण. म्हणजे चौकोन हा मजकुराचा भाग नसून, ‘हे अक्षर माझ्याकडे नाही’ असे फॉन्टने दिलेले उत्तर आहे.

ॲ युनिकोडमध्ये आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली. त्याआधी तयार झालेल्या आणि नंतर कधीच अद्ययावत न केलेल्या फॉन्टमध्ये या क्रमांकांची अक्षरे असणे शक्यच नाही. येथे मला एका गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले, आणि शासनाने विहित केलेले तेच अक्षर शासनाच्याच प्रमाणपत्रावर उमटत नाही.

मग पडद्यावर नाव बरोबर कसे दिसले, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. ब्राउझरला एका फॉन्टमध्ये अक्षर सापडले नाही, तर तो संगणकावरील दुसऱ्या फॉन्टमधून ते उचलून आणतो, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हरवर पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक प्रणाली मात्र त्यांना नेमून दिलेला एकच फॉन्ट वापरतात आणि त्यात अक्षर नसेल, तर कोणताही इशारा न देता चौकोन छापून मोकळ्या होतात. त्यामुळे अर्जदार, खिडकीवरचा कर्मचारी आणि मंजुरी देणारा अधिकारी या तिघांनाही पडद्यावर सर्व ठीक दिसते, आणि दोष पहिल्यांदा दिसतो तो कागद हाती पडल्यावर.

दोष फॉन्टचा की मजकुराचा, हे ओळखणे अवघड नाही. फॉन्टचा असेल तर ठरावीक अक्षरेच जातात आणि शेजारची अक्षरे शाबूत राहतात. शिवाय मूळ नोंदीतील नाव कॉपी करून दुसऱ्या, अद्ययावत फॉन्ट असलेल्या संगणकावर चिकटवले की ॲ जसेच्या तसे दिसते. काळ्या शंकरपाळ्यात पांढरे प्रश्नचिन्ह, ही खूण मात्र वेगळी समजावी. ते U+FFFD हे स्वतःच एक अक्षर आहे आणि मजकुराचे बाइट वाचता आले नाहीत म्हणून प्रणालीने ते घातलेले असते. ते नोंदीतच साठवले गेले असेल, तर फॉन्ट बदलून काही उपयोग होत नाही, मूळ अर्जाकडेच जावे लागते. या दोन खुणा एकच समजल्या जातात, म्हणून हा खुलासा.

‘साधा अ टाका’ हा सल्ला तर अधिक हानिकारक आहे. तो मानला तर शाळेच्या दाखल्यावर ॲग्नेस आणि प्रमाणपत्रावर अग्नेस अशी दोन नावे होतात. काही केंद्रांवर अ टाईप करून त्याला वेगळा चंद्र जोडतात. दिसायला ते पुष्कळदा ॲ सारखेच दिसते, तरी काही प्रणालींत अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. त्याहून मोठी अडचण अशी की संगणकाच्या लेखी ती U+0905 आणि U+0945 अशी दोन अक्षरे असतात आणि युनिकोडच्या नियमांनुसार ती U+0972 शी समतुल्य धरली जात नाहीत. उद्या कोणी ॲग्नेस हे नाव शोधले, तर ती नोंद सापडणार नाही. चौकोन निदान डोळ्यांना दिसतो. ही चूक नोंदीत शिरते आणि दिसतही नाही.

दुरुस्तीसाठी नवी प्रणाली घेण्याची गरज नाही. नोटो सान्स देवनागरी, मुंबईच्या एक टाईपचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका असे फॉन्ट खुल्या परवान्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर ॲ आणि ₹ ही दोन्ही अक्षरे कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, हे पुढील एका ओळीने कळते.

```
fc-list ":charset=0972 20b9" family
```

जो फॉन्ट प्रमाणपत्रासाठी नेमला आहे, त्याचे नाव या यादीत नसेल तर तो बदलावा. तक्त्यात अक्षर असणे पुरेसे नसते, हेही सांगायला हवे: ‘दऱ्या’ मधला र किंवा जोडाक्षरे नीट जुळतात की नाही, हे प्रत्यक्ष छापूनच पाहावे लागते. त्यासोबत पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीला एक अट घालावी, की एकाही अक्षराला शून्य क्रमांकाची आकृती मिळाली तर प्रमाणपत्र निर्गमित न होता तांत्रिक विभागाकडे जावे.

आधी दिलेल्या प्रमाणपत्रांचा प्रश्न तरीही उरतो. त्यांवर डिजिटल स्वाक्षरी झालेली आहे. चौकोनासह बंद झालेली ती फाइल सर्व्हरवरचा फॉन्ट बदलून सुधारत नाही आणि तिच्यात फेरफार केला तर स्वाक्षरी अवैध ठरते. ती नव्याने तयार करून नव्याने स्वाक्षरित करावी लागतील. सुदैवाने मूळ नोंदी शाबूत आहेत. फॉन्ट बदलल्याच्या तारखेआधीच्या, U+0972 असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या की बाधित नागरिकांची यादी हाती येते. त्या नागरिकांकडून नवा अर्ज, शुल्क किंवा नावबदलाचे प्रतिज्ञापत्र न मागता, विभागाने स्वतःहून त्यांना नवे प्रमाणपत्र द्यावे, आणि तोवर चौकोन असलेला कागद घेऊन येणाऱ्याला ‘तुमचे टाईपिंग चुकले’ असे सांगू नये, असे लेखी निर्देश सर्व केंद्रांना आपण द्यावेत, ही माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
अक्षरजुळणीच्या व्यवसायातील एक नागरिक
गिरगाव, मुंबई